ऊसतोडीच्या जिल्ह्यातले लसीकरण: वेळापत्रक आणि शीतसाखळी

राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रक बाळाच्या वयावर चालते. बीड जिल्ह्यातल्या हजारो कुटुंबांचे वर्ष मात्र उसाच्या गळीत हंगामावर चालते. दसरा-दिवाळीच्या सुमारास शिरूर कासार, पाटोदा, आष्टी, वडवणी, धारूर, केज या तालुक्यांतल्या वाड्या-तांड्यांवरून टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी ट्रॅक्टर-ट्रकमधून सांगली, सातारा, कोल्हापूर, पुणे, सोलापूर किंवा सीमेपलीकडे बेळगाव भागातल्या कारखान्यांवर जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. लहान लेकरे त्यांच्यासोबतच जातात. नोव्हेंबर ते मार्च हे पाच महिने गावातल्या लसीकरण सत्राच्या यादीत नाव असते, पण बाळ गावात नसते. सामुदायिक आरोग्य परिचर्या शिकणाऱ्या एएनएम, जीएनएम आणि बी.एस्सी. नर्सिंगच्या विद्यार्थिनींना वेळापत्रक शिकवताना या जिल्ह्यात पहिली अडचण इथेच येते. भिंतीवरचा तक्ता पाठ असूनही कोपीवर भेटलेल्या सात महिन्यांच्या बाळाला आज नेमके काय द्यायचे, हे त्या तक्त्यात लिहिलेले नसते.

तक्ता थोडक्यात असा आहे. जन्मानंतर लगेच बीसीजी, पोलिओचा शून्य डोस आणि हिपॅटायटिस-बीचा जन्मडोस. सहा आठवड्यांनी पोलिओचे थेंब, पेंटा, रोटा, आयपीव्हीचा त्वचेत द्यायचा छोटा डोस आणि न्यूमोनियाविरुद्धची पीसीव्ही. दहा आठवड्यांनी पोलिओ, पेंटा आणि रोटा यांचा दुसरा डोस. चौदा आठवड्यांनी याच तिघांचा तिसरा डोस, शिवाय आयपीव्ही आणि पीसीव्हीचा दुसरा. नऊ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेला म्हणजे एमआरचा पहिला डोस, पीसीव्हीचा बूस्टर, आयपीव्हीचा तिसरा डोस आणि जीवनसत्त्व ‘अ’. सोळा ते चोवीस महिन्यांत एमआरचा दुसरा डोस, डीपीटीचा पहिला बूस्टर आणि पोलिओचा बूस्टर. पाच ते सहा वर्षांत डीपीटीचा दुसरा बूस्टर, पुढे दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडी. जपानी मेंदूज्वराची लस फक्त त्या रोगाचा प्रादुर्भाव असलेल्या ठरावीक जिल्ह्यांत दिली जाते.

टोचण्याच्या जागाही ठरलेल्या आहेत आणि त्यामागे कारण आहे. पेंटा डाव्या मांडीत, पीसीव्ही उजव्या मांडीत, बीसीजी डाव्या दंडावर, एमआर उजव्या दंडावर. दोन दिवसांनी आई डावी मांडी सुजलेले बाळ घेऊन आली, तर कार्ड न पाहताही सूज कोणत्या लसीची हे कळते. बाळ दुसऱ्या जिल्ह्यात असेल आणि समोरची परिचारिका त्याला पहिल्यांदाच पाहत असेल, तर राज्यभर एकच जागा पाळण्याचा उपयोग आणखी स्पष्ट होतो.

हा तक्ता वेळेवर येणाऱ्या बाळासाठी बनवलेला आहे. उशिरा येणाऱ्या बाळासाठी विद्यार्थिनीच्या मनात प्रत्येक लसीबद्दल तीन आकडे असावे लागतात: कमीत कमी वय, दोन डोसांमधले कमीत कमी अंतर आणि ज्या वयानंतर ती लस सुरू करायची नाही ते वय. पेंटाचे हे आकडे सहा आठवडे, चार आठवडे आणि एक वर्ष असे आहेत. रोटाचेही तसेच. बीसीजी जन्मल्यापासून एक वर्षापर्यंत देता येते. पहिल्या महिन्यात तिचे प्रमाण ०.०५ मिलिलिटर असते आणि महिन्यानंतर ०.१ मिलिलिटर. हिपॅटायटिस-बीचा जन्मडोस चोवीस तासांच्या आत, तर पोलिओचा शून्य डोस पंधरा दिवसांच्या आत द्यायचा असतो. ती मुदत टळली की तो डोस सोडून द्यायचा आणि सहा आठवड्यांपासून पुढे चालायचे. एमआरची सुरुवात नऊ महिने पूर्ण झाल्यावर करता येते आणि पाच वर्षांपर्यंत राहिलेले डोस किमान महिन्याच्या अंतराने पूर्ण करता येतात. वर्षाच्या आत पेंटाचा एकही डोस न मिळालेल्या मुलाला पेंटाऐवजी डीपीटी दिली जाते.

या तीन आकड्यांसोबत एक नियम ठसवावा लागतो. अंतर कितीही वाढले तरी मालिका पहिल्यापासून सुरू करायची नाही. आधीच्या डोसाची आठवण शरीराच्या प्रतिकारव्यवस्थेत टिकून असते, म्हणून थांबले तिथून पुढे जायचे. उलट बाजूला सवलत नाही. अठ्ठावीस दिवसांचे अंतर कमी करता येत नाही, कारण फार लवकर दिलेल्या डोसाला शरीर पुरेसा प्रतिसाद देत नाही आणि तो डोस मोजणीत धरला जात नाही. विद्यार्थिनींचा गोंधळ बहुतेक इथेच होतो. उशीर हा त्यांना मोठा दोष वाटतो आणि घाई निरुपद्रवी वाटते.

एक उदाहरण तारखांसह पाहिले की हे उलगडते. बाळाचा जन्म ५ सप्टेंबरला प्राथमिक आरोग्य केंद्रात झाला असे धरू. जन्माचे तिन्ही डोस मिळाले. गावातले पुढचे सत्र १० ऑक्टोबरला आहे आणि कुटुंब दिवाळीनंतर निघणार आहे. १० ऑक्टोबरला बाळ पस्तीस दिवसांचे असते. आई म्हणते, “सिस्टर, आम्ही पुढच्या सत्राला इथं नाही, आत्ताच देऊन टाका ना.” विनंती रास्त आहे, पण ४२ दिवस १७ ऑक्टोबरला पूर्ण होतात. म्हणून १० तारखेला डोस देता येत नाही. इथे विद्यार्थिनीचे काम फक्त नकार देण्याचे नाही. आरोग्य केंद्रात ठरलेल्या दिवशी होणाऱ्या सत्राची १७ तारखेनंतरची जवळची तारीख पाहून तिने कार्डावर लिहायची, आशाताईला सांगायची आणि बाळ निघण्याआधी तिथे पोहोचेल हे पाहायचे. समजा १८ ऑक्टोबरला पहिले पाचही डोस झाले. दुसऱ्या फेरीची तारीख मग १४ नोव्हेंबर राहत नाही. जन्मापासून दहा आठवडे त्या दिवशी पूर्ण होतात हे खरे, पण पहिल्या डोसापासूनचे अठ्ठावीस दिवस १५ नोव्हेंबरला पूर्ण होतात, आणि दोन्हींपैकी नंतरची तारीख धरायची असते.

१५ नोव्हेंबरला बाळ एखाद्या कारखान्याच्या परिसरातल्या कोपीत असते. ऊसतोडीच्या वस्त्या, वीटभट्ट्या, बांधकामाच्या जागा यांची जोखमीच्या वस्त्या म्हणून नोंद करून तिथे सत्र भरवण्याची जबाबदारी त्या भागातल्या आरोग्य केंद्राची असते. समजा ते सत्र २५ नोव्हेंबरला झाले आणि पोलिओ, पेंटा, रोटा यांचा दुसरा डोस मिळाला. तिसरी फेरी २३ डिसेंबरला येते. पण तोवर फड संपतो, टोळी दुसऱ्या गावच्या शिवारात जाते आणि डोस राहतो. गावी परतल्यावर १२ एप्रिलला बाळ सात महिन्यांचे असताना ते सत्रावर येते. पेंटाच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या डोसात आता साडेचार महिन्यांचे अंतर पडलेले आहे. तरी त्या दिवशी पोलिओ, पेंटा आणि रोटा यांचा तिसरा डोस, तसेच आयपीव्ही आणि पीसीव्हीचा दुसरा डोस एकाच भेटीत द्यायचा. दोन्ही मांड्या आणि एक दंड अशा तीन टोचण्या एकदम पाहून आई घाबरते आणि विद्यार्थिनीही कचरते. त्या दिवशी एखादी टोचणी पुढे ढकलली, तर ती पुन्हा कधी होईल याची खात्री राहत नाही.

या सगळ्या हिशेबाचा आधार एका कार्डावर असतो. माता-बाल संरक्षण कार्ड आईकडे राहते आणि त्याचा कापून घेतलेला भाग उपकेंद्रात प्रत्येक महिन्याचा कप्पा असलेल्या पिशवीत ठेवला जातो. ज्या महिन्यात पुढचा डोस, त्या महिन्याच्या कप्प्यात तो भाग जातो. स्थलांतर करणाऱ्या गावात डिसेंबर-जानेवारीचे कप्पे भरलेले दिसतात. त्याचा अर्थ ती बालके राहून गेली असा नसतो. काहींना कारखान्यावर डोस मिळालेला असतो, फक्त त्याची नोंद गावात आलेली नसते. यू-विन या संगणकीय नोंदणीमुळे एका जिल्ह्यातला डोस दुसऱ्या जिल्ह्यात पाहता येतो, मात्र त्यासाठी दोन्ही ठिकाणी त्याच मोबाइल क्रमांकावर नोंद व्हावी लागते. टोळीसोबत जाताना फोन बदलला किंवा सत्रावर मुकादमाचा क्रमांक दिला गेला, तर एकाच बाळाच्या दोन नोंदी होतात. म्हणून निघण्यापूर्वी आईला कार्ड सामानात नव्हे, पैशांसोबत ठेवायला सांगणे हे कोणत्याही पोर्टलपेक्षा जास्त उपयोगी पडते.

वेळापत्रक अचूक पाळले आणि बाटलीतली लस निकामी झालेली असेल, तर कार्डावरची तारीख खरी पण संरक्षण खोटे ठरते. ही हानी डोळ्याला दिसत नाही. पेंटाची गोठून वितळलेली बाटली चांगल्या बाटलीसारखीच पांढुरकी दिसते. त्यामुळे लस कुठून कशी आली हे जाणणे हा टोचणाऱ्या हाताच्याच कामाचा भाग आहे.

बीड जिल्हा आरोग्य विभागाच्या लातूर परिमंडळात येतो. कंपनीकडून निघालेली लस राज्य आणि परिमंडळ भांडारांतून जिल्हा भांडारात, तिथून प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि तिथून सत्राच्या दिवशी व्हॅक्सिन कॅरिअरमधून वाडीवर जाते. आरोग्य केंद्रात दोन यंत्रे असतात. आयएलआर, म्हणजे भिंतींत बर्फाचे अस्तर असलेला फ्रिज, लस अधिक २ ते अधिक ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवतो. डीप फ्रीझर मात्र केंद्राच्या पातळीवर फक्त आइसपॅक गोठवण्यासाठी असतो आणि त्यात लस ठेवली जात नाही. आयएलआरचे दार वरच्या बाजूला असते, कारण थंड हवा जड असल्याने वर उघडणाऱ्या दारातून ती सांडत नाही. त्याच कारणाने तळ सर्वांत थंड असतो. म्हणून लस तळावर थेट ठेवायची नाही, टोपलीतच ठेवायची. पोलिओ, बीसीजी, एमआर या लसींना गोठण्याने नुकसान होत नाही, त्या खालच्या भागात. पेंटा, हिपॅटायटिस-बी, टीडी, डीपीटी, आयपीव्ही आणि पीसीव्ही या वर. बीसीजी आणि एमआर विरघळवण्याचे द्रावणही सत्राच्या किमान चोवीस तास आधी आयएलआरमध्ये ठेवावे लागते, म्हणजे लस आणि द्रावण एका तापमानाला येतात.

मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. त्यामुळे इथल्या विद्यार्थिनींच्या मनात लसीचा शत्रू म्हणजे ऊन हे पक्के असते. हा समज अर्धा बरोबर आहे. पोलिओचे थेंब आणि द्रावणात विरघळवलेली बीसीजी उष्णतेने लवकर खराब होतात. पण उष्णतेने झालेली हानी दाखवायला बाटलीवर व्हीव्हीएमची खूण असते. गोल वर्तुळात एक चौकोन असतो आणि उष्णतेच्या एकूण माऱ्याप्रमाणे तो गडद होत जातो. चौकोन वर्तुळापेक्षा फिकट असेपर्यंत बाटली वापरता येते. तो वर्तुळाइतका किंवा त्याहून गडद झाला की बाटली बाद. गोठण्याची मात्र कोणतीही खूण बाटलीवर नसते. शून्याखाली जाऊन आलेल्या पेंटाच्या बाटलीवरचा चौकोन स्वच्छ, फिकट दिसतो आणि पाहणाऱ्याला खोटा दिलासा देतो.

हे घडण्याचे कारण लसीच्या घटनेत आहे. पेंटा, हिपॅटायटिस-बी, टीडी, डीपीटी आणि पीसीव्ही यांत प्रतिजन ॲल्युमिनियम क्षाराच्या अतिसूक्ष्म कणांना चिकटलेले असतात. पाणी गोठताना हे कण एकमेकांवर दाबले जाऊन त्यांच्या गुठळ्या होतात आणि वितळल्यावरही त्या सुटत नाहीत. लसीची ताकद घटते आणि टोचल्यावर सूज-गाठ येण्याची शक्यता वाढते. सत्राच्या सकाळची घाई हे या हानीचे सर्वांत साधे कारण आहे. डीप फ्रीझरमधून नुकताच काढलेला आइसपॅक उणे वीस अंशांच्या आसपास असतो. तो तसाच कॅरिअरमध्ये कोंबला, की बाहेर चाळीस अंश असले तरी आतली पेंटा वाटेतच गोठू शकते. उन्हाळ्यात हे जास्त घडते, कारण ऊन कडक म्हणून चार पॅक अगदी घट्ट गोठलेले न्यावेत असे वाटते.

उपाय सोपा आहे, त्याला फक्त वेळ लागतो. पॅक काढून टेबलावर एकमेकांपासून अंतर ठेवून मांडायचे. पृष्ठभागावर पाण्याचे थेंब येऊ लागले की एकेक पॅक कानाजवळ हलवून पाहायचा. आत पाणी खळखळल्याचा आवाज आला म्हणजे बर्फ सुटायला लागला आणि पॅकचे तापमान शून्याला आले. याला कंडिशनिंग म्हणतात. हिवाळ्यात याला जास्त वेळ लागतो, उन्हाळ्यात कमी, म्हणून घड्याळाऐवजी आवाजावर भरवसा ठेवायचा. मग कॅरिअर कोरडा पुसून चार बाजूंना चार पॅक बसवायचे, लस आणि द्रावण झिपच्या प्लास्टिक पिशवीत मध्ये ठेवायचे आणि झाकण घट्ट लावायचे. असा कॅरिअर न उघडता सावलीत ठेवला, तर सुमारे बारा तास थंडावा टिकतो. सत्रावर एमआर किंवा बीसीजीची विरघळवलेली बाटली पॅकच्या खळग्यात ठेवायची पद्धत आहे. पेंटा किंवा टीडीची बाटली मात्र त्या खळग्यात ठेवायची नाही.

एखाद्या बाटलीचा संशय आला, म्हणजे नोंदवहीत किंवा तापमान नोंदवणाऱ्या यंत्रात शून्याखालचा आकडा दिसला, तर शेक टेस्ट करतात. संशयित बाटलीसारखीच, त्याच कंपनीची आणि त्याच बॅचची दुसरी बाटली मुद्दाम डीप फ्रीझरमध्ये रात्रभर ठेवून पूर्ण गोठवायची. तिच्यावर ‘गोठवलेली’ असे ठळक लिहायचे, नाहीतर ती चुकून वापरात येते. सकाळी ती तशीच ठेवून वितळू द्यायची, गरम पाण्यात घालायची नाही. मग दोन्ही बाटल्या एका मुठीत धरून दहा-पंधरा सेकंद जोरात हलवायच्या आणि सपाट जागेवर शेजारी शेजारी ठेवून उजेडासमोर पाहायच्या. गोठवलेल्या बाटलीत साका लवकर खाली बसू लागतो आणि वर स्वच्छ पाण्याचा थर सुटतो. अर्ध्या तासापर्यंत निरीक्षण करायचे. संशयित बाटलीत साका हळू बसत असेल, तर ती वापरण्याजोगी आहे. तितक्याच वेगाने किंवा जास्त वेगाने बसत असेल, तर तिच्यासोबत गोठलेला सगळा साठा बाद. समोर घट्ट गोठलेलीच बाटली सापडली, तर चाचणी न करताच ती काढून टाकायची. ही चाचणी फक्त ॲल्युमिनियम असलेल्या लसींना लागू पडते. आयपीव्हीत ते नसते, म्हणून गोठल्याचा संशय असलेल्या आयपीव्हीच्या बाबतीत शेक टेस्टने काहीच सिद्ध होत नाही. पाठ्यपुस्तकातून शिकलेली विद्यार्थिनी हा अपवाद हमखास विसरते.

हा भाग फळ्यावर शिकवणे जवळजवळ व्यर्थ आहे. मुदत संपलेल्या आणि फक्त शिकवण्यासाठी वेगळ्या काढलेल्या टीडीच्या दोन बाटल्या घेऊन प्रात्यक्षिक केले, तर साका बसण्यातला फरक वर्गातल्या शेवटच्या बाकावरूनही दिसतो. त्या बाटल्या वापरातल्या आयएलआरमध्ये कधीही ठेवायच्या नाहीत, ही अटही प्रात्यक्षिकाचाच भाग आहे. कंडिशनिंगचेही तसेच. डोळे मिटून चार पॅक कानाशी हलवायला लावले आणि कोणता तयार आहे ते सांगायला सांगितले, तर तो आवाज एका सकाळी लक्षात राहतो.

आयएलआरचे तापमान दिवसातून दोनदा, सकाळी आणि संध्याकाळी, रविवार आणि सुटीच्या दिवशीही नोंदवायचे असते. थर्मामीटर लसीच्या टोपलीतच ठेवायचा, कारण मोजायचे आहे ते लसीच्या जागेचे तापमान. ई-विनमुळे बऱ्याच केंद्रांत तापमानाची नोंद यंत्राने होते आणि बिघाड झाला की मोबाइलवर संदेश येतो. तरीही नोंदवही हाताने भरण्याचा आग्रह कायम आहे. तपासणीला बसलेल्या जाणत्या डोळ्याला वहीतला एक दोष चटकन दिसतो: महिनाभर सकाळ-संध्याकाळ अगदी एकच आकडा. खरा फ्रिज असा वागत नाही. वीज गेली, दुपार तापली, झाकण जास्त वेळा उघडले की आकडा अर्धा-एक अंश तरी हलतोच. सलग ४ अंशांचे साठ आकडे म्हणजे थर्मामीटर बंद आहे, किंवा वही एका बैठकीत भरली आहे.

वीज जाणे ही इथली नेहमीची गोष्ट. चोवीस तासांत आठेक तास वीज मिळाली तरी आयएलआर तापमान टिकवू शकेल अशी त्याची रचना असते. वीज गेल्यावर पहिले काम म्हणजे झाकण न उघडणे. बाहेरचा डायल पाहत राहायचा. तापमान ८ अंशांकडे सरकू लागले आणि वीज येण्याची चिन्हे नसतील, तर कंडिशन केलेल्या आइसपॅकसह लस कोल्ड बॉक्समध्ये हलवून जवळच्या केंद्रात पोहोचवायची. कोणते केंद्र, कोणाचे वाहन, कोणाचा फोन हे आधी लिहून आयएलआरजवळ चिकटवलेले असते. सराव-काळात विद्यार्थिनीने तो कागद वाचून एकदा त्यावरचा फोन लावून पाहावा. क्रमांक जुना निघाल्याचे तिला तेव्हाच कळते.

साठ्याचा हिशेबही इथे वेगळा पडतो. केंद्रात साधारण महिन्याभराची लस आणि त्यावर पंचवीस टक्के राखीव एवढा साठा ठेवतात, आणि महिन्याची गरज वर्षाच्या उद्दिष्टाला बाराने भागून काढतात. बारा महिने सारखी मुले असलेल्या गावाला हे ठीक. ऊसतोडीच्या गावात डिसेंबरमध्ये अर्धी यादी बाहेर असते आणि लस पडून राहते. एप्रिल-मेमध्ये चालू महिन्याची बालके आणि हंगामात राहून गेलेली बालके एकदम समोर येतात. महिन्याला दहा बालकांचे उपकेंद्र असेल आणि त्यातली सहा कुटुंबे पाच महिने बाहेर असतील, तर परतीच्या महिन्यात डोसांची मागणी सहज दुप्पट होते. आणि ही गर्दी नेमकी वर्षातल्या सर्वांत उष्ण आठवड्यांत होते, जेव्हा कॅरिअर सर्वांत जास्त उघडला जातो. मार्चमध्येच आशाताईंकडून परतणाऱ्या बालकांची यादी घेऊन वाढीव मागणी नोंदवली, तर हा धक्का बराच कमी होतो.

सत्रावर बाटली उघडली की तिचे आयुष्य लसीप्रमाणे बदलते. पेंटा, टीडी, डीपीटी, हिपॅटायटिस-बी, पोलिओ, आयपीव्ही, पीसीव्ही या बाटल्या काही अटी पाळल्या तर उघडल्यानंतर अठ्ठावीस दिवसांपर्यंत वापरता येतात. बाटलीवर उघडल्याची तारीख-वेळ हवी, व्हीव्हीएम चांगला हवा, मुदत संपलेली नसावी, बाटली गोठलेली नसावी, निर्जंतुक पद्धतीनेच डोस काढलेला हवा आणि बाटली त्याच दिवशी केंद्रात परत जाऊन योग्य तापमानात राहायला हवी. एमआर, बीसीजी आणि जपानी मेंदूज्वराची पावडर स्वरूपातली लस यांना ही सवलत नाही. विरघळवल्यापासून चार तास किंवा सत्राचा शेवट, जे आधी येईल तेव्हा बाटली संपते. कारण या बाटल्यांत जंतू वाढू न देणारे रसायन घातलेले नसते. सुई आत गेल्याबरोबर त्वचेवरचा स्टॅफिलोकोकससारखा जंतू आत शिरला, तर तो तिथे वाढतो आणि विष तयार करतो. असा डोस मिळालेल्या बाळाला काही तासांत उलट्या, जुलाब आणि तीव्र ताप येऊन ते दगावू शकते. फ्रिजमध्ये ठेवल्याने हे टळेल असे मानणे धोक्याचे आहे.

जानेवारी २०२२ मध्ये बेळगाव जिल्ह्याच्या रामदुर्ग तालुक्यात एमआर लसीनंतर तीन बालके दगावली, आणि प्राथमिक चौकशीत लस ठेवण्यातली हयगय समोर आली. बीडच्या टोळ्या जातात तो मुलूख हाच. या घटनेवरून वर्गात दोन गोष्टी वेगळ्या करून सांगाव्या लागतात. एमआरच्या बाटलीत अनेक डोस असतात आणि कोपीवर कधी एकच बाळ भेटते. त्या एका बाळासाठीही बाटली उघडायची, हा नियम आहे. उरलेले डोस वाया जातील म्हणून बाळ परत पाठवायचे नाही. आणि वाया जाऊ नयेत म्हणून बाटली दुसऱ्या दिवसासाठी ठेवायचीही नाही. पहिल्या नियमाचा संकोच बाजूला झाला की दुसरा मोडण्याचा मोह आपोआप कमी होतो. द्रावणाचा नियम याला जोडून येतो. एमआरला एमआरचेच द्रावण, बीसीजीला बीसीजीचे, तेही त्याच कंपनीचे. दोन पारदर्शक बाटल्या दिसायला सारख्या असतात, म्हणून वाहून नेताना त्या ज्या त्या लसीसोबत एका पिशवीत ठेवायच्या.

टोचल्यानंतर आईला अर्धा तास थांबवायचे आणि चार गोष्टी सांगायच्या: कोणती लस दिली, कोणता त्रास होऊ शकतो आणि झाल्यास काय करायचे, पुढची तारीख कोणती, आणि कार्ड सोबत ठेवायचे. पेंटानंतर ताप येण्याची शक्यता असते आणि ऊसतोड आईसाठी तापलेले बाळ म्हणजे फडातला बुडालेला दिवस. “ताप आला तर उद्या कोयता कोण चालवणार?” या प्रश्नाला ताप येतच नाही असे उत्तर देणारी परिचारिका पुढच्या डोसाला ते बाळ गमावते. ताप एक-दोन दिवसांत उतरतो, पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे किती आणि कधी द्यायचे, टोचल्या जागी काही चोळायचे वा बांधायचे नाही आणि झटके, सतत रडणे, श्वासाचा त्रास दिसला तर लगेच दवाखान्यात यायचे, एवढे नेमके सांगितले तर आई दिवस ठरवून येते. सत्र संध्याकाळी टोळी फडातून परतल्यावर किंवा आठवडी बाजाराच्या दिवशी भरवले, तर हजेरी वाढते. कारखान्यालगतच्या केंद्रांना हे अनुभवाने माहीत असते.

१२ एप्रिलला तिसरी फेरी झालेल्या त्या बाळाचे नऊ महिने ५ जूनला पूर्ण होतात. एमआर त्या दिवसापासून देता येते. पण पीसीव्हीचा बूस्टर आधीच्या डोसापासून आठ आठवड्यांनी द्यायचा असतो आणि ते ७ जूनला पूर्ण होतात. म्हणून ७ जूननंतरचे पहिले सत्र ठरवले, की एमआर, पीसीव्हीचा बूस्टर, आयपीव्हीचा तिसरा डोस आणि जीवनसत्त्व ‘अ’चा पहिला डोस एका भेटीत होतो. पुढचे डोस सोळा महिन्यांनी, म्हणजे ५ जानेवारीपासून लागतात आणि त्यांची मुदत चोवीस महिन्यांपर्यंत, म्हणजे त्याच वर्षीच्या ५ सप्टेंबरपर्यंत असते. जानेवारीत कुटुंब पुन्हा फडात असणार. त्यामुळे कार्डावर ५ जानेवारी ही तारीख लिहायची, कारखान्यावरच्या सत्रात डोस मिळाला तर उत्तमच, आणि कार्डाचा कापलेला भाग जानेवारीच्या कप्प्यातून परतीच्या एप्रिलच्या कप्प्यात सरकवून ठेवायचा.